निकाली निघालेल्या तक्रारींवरून संथ विभाग सापडत नाही

पालिकेच्या तक्रार पोर्टलचा मासिक अहवाल काढला की प्रत्येक विभागापुढे एक आकडा येतो: तक्रार निकाली काढायला लागलेले सरासरी दिवस. ज्या विभागाचा आकडा मोठा, तो संथ, असे गृहीत धरून बैठकीत त्याला जाब विचारला जातो. पण हा आकडा पुष्कळदा चुकीच्या विभागाकडे बोट दाखवतो. बेरीज आणि भागाकार बरोबरच असतात. चूक असते ती कोणत्या तक्रारी मोजल्या यात. या सरासरीत फक्त बंद झालेल्या तक्रारी येतात. ज्या अजून पडून आहेत, म्हणजे ज्यांच्यामुळे विभाग संथ ठरायला हवा, त्याच हिशेबाबाहेर राहतात.

आढीत घातलेले मानकुराद पिकायला किती दिवस लागतात हे पाहायचे आहे असे समजा. चौथ्या दिवशी आढी उघडली आणि पिकलेले तेवढेच आंबे मोजले, तर उत्तर चार दिवसांच्या आतलेच येणार. उरलेले कच्चे आंबे आणखी किती दिवस घेतील हे त्या मोजणीत कुठेच नाही. पोर्टलच्या सरासरीचे नेमके हेच होते, आणि जितका विभाग जास्त तक्रारी रखडवतो तितका त्याला याचा फायदा मिळतो.

एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ३१ ऑगस्टला यादी काढली. जुलै आणि ऑगस्टमध्ये स्वच्छता विभागाकडे १० आणि तांत्रिक विभागाकडे १० तक्रारी आल्या होत्या.

स्वच्छता विभागाच्या ९ तक्रारी बंद झाल्या. त्यांना ३, ४, ५, ६, ७, ८, १०, १२ आणि १७ दिवस लागले. एक उघडी आहे, ती ५ दिवसांपूर्वीची. तांत्रिक विभागाच्या ५ तक्रारी बंद झाल्या. त्यांना २, ३, ३, ५ आणि २२ दिवस लागले. पाच उघड्या आहेत; त्यांना आजवर ९, १४, ३१, ४४ आणि ६० दिवस झाले.

बंद तक्रारींची सरासरी काढली तर स्वच्छता विभाग ८ दिवस आणि तांत्रिक विभाग ७ दिवस. अहवालात तांत्रिक विभाग चपळ दिसतो. पण त्याच्या निम्म्या तक्रारी अजून सुटलेल्याच नाहीत आणि एकीला दोन महिने होत आले आहेत.

मग उघड्या तक्रारींचे करायचे काय? त्यांना ‘आजवर इतके दिवस लागले’ असे धरून सरासरीत घातले तरी उत्तर कमीच येते, कारण ६० दिवसांची उघडी तक्रार ६० व्या दिवशी सुटलेली नाही. तिच्याबद्दल आपल्याला एवढेच ठाऊक आहे की तिला ६० दिवसांहून जास्त लागणार. ही अर्धी माहिती वाया न घालवता वापरायची एक रीत संख्याशास्त्रात आहे. तिचे नाव कापलान-मायर. एडवर्ड कापलान आणि पॉल मायर यांनी ती १९५८ साली मांडली आणि वैद्यकीय संशोधनात ती रोज वापरली जाते. नाव जड असले तरी हिशेब कागदावर करता येतो.

तक्रारीच्या वयाचा एकेक दिवस घ्यायचा आणि विचारायचे: या वयापर्यंत न सुटलेल्या आणि आपल्या नजरेत असलेल्या किती तक्रारी होत्या, आणि त्यांतल्या किती या दिवशी सुटल्या? तांत्रिक विभागात दुसऱ्या दिवशी १० पैकी १ सुटली, म्हणजे न सुटलेल्या ९० टक्के. तिसऱ्या दिवशी उरलेल्या ९ पैकी २ सुटल्या, म्हणजे ७० टक्के. पाचव्या दिवशी ७ पैकी १, म्हणजे ६० टक्के. आता ९ आणि १४ दिवसांच्या उघड्या तक्रारी येतात. त्या सुटलेल्या नाहीत, पण त्यांचे पुढचे आपण पाहिलेलेही नाही. म्हणून त्यांना सुटलेल्यांत न धरता, त्या वयानंतरच्या मोजणीतून फक्त बाजूला काढायचे. २२ व्या दिवशी नजरेत चारच तक्रारी उरतात: २२, ३१, ४४ आणि ६० दिवसांच्या. त्यांतली एक सुटली, म्हणून ६० टक्क्यांचे तीन चतुर्थांश, म्हणजे ४५ टक्के न सुटलेल्या राहिल्या. न सुटलेल्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली पहिल्यांदा गेले ते २२ व्या दिवशी. म्हणून या विभागाचा मधला काळ २२ दिवस.

स्वच्छता विभागाचा हिशेब असाच केला तर सहाव्या दिवशी सुमारे ५८ टक्के न सुटलेल्या राहतात आणि सातव्या दिवशी सुमारे ४७. मधला काळ ७ दिवस. सरासरीने ८ विरुद्ध ७ असे सांगितले होते, खरे चित्र ७ विरुद्ध २२ असे आहे.

दहा-दहा तक्रारींवर मात्र निकाल देऊ नये. २२ व्या दिवशीची ती एक तक्रार उघडी राहिली असती, तर तांत्रिक विभागाचा आकडा निम्म्यापर्यंत उतरलाच नसता आणि मधला काळ सांगताच आला नसता. तेव्हा एका विभागाच्या एका प्रकारच्या निदान ३० तक्रारी हाताशी असाव्यात, त्याहून कमी असतील तर दोन-तीन महिने एकत्र करावेत. मधला काळ निघत नसेल तर ‘६० दिवसांत निम्म्याही सुटल्या नाहीत’ असे साध्या शब्दांत लिहावे. तोही निष्कर्षच आहे, आणि बराच बोलका.

यादी हातात आल्यावर

तक्ता अशा रचनेचा हवा: एका ओळीत एक तक्रार, तक्रार क्रमांक, दाखल तारीख, प्रकार, प्रभाग, विभाग, सद्यस्थिती, बंद तारीख, आणि मिळाला तर तक्रार कुठून कुठे गेली त्याचा इतिहास. पोर्टलवर हे डाउनलोड करता येत नसेल तर माहिती हक्क कायदा २००५ खाली पालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात रकान्यांची नावे एकेक करून लिहावीत, माहिती स्प्रेडशीटच्या स्वरूपात मागावी आणि तक्रारदाराचे नाव, पत्ता, फोन नको असे स्वतःहून नमूद करावे. नुसती ‘तक्रारींची माहिती द्या’ असे लिहिले तर महिनावार बेरजांचा एक कागद हाती पडतो आणि त्यावरून वरचे काहीच काढता येत नाही.

पहिली अडचण तारखांची येते. आपण ०५/०६ म्हणजे ५ जून लिहितो. स्प्रेडशीटची मांडणी अमेरिकन पद्धतीवर असेल तर ती त्याला ६ मे समजते, आणि १३/०६ तिला तारीखच वाटत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच ठेवते. परिणामी निम्म्या तारखा चुकतात, निम्म्या गळतात, आणि तरीही तक्ता वरवर नीट दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्यातल्या काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या असतात, किंवा दिवसांची वजाबाकी उणे येते. यावर उपाय म्हणजे फाइल उघडतानाच तो रकाना मजकूर म्हणून आत घ्यायचा आणि तारीख स्वतः बांधायची. दिवस, महिना आणि वर्ष `05/06/2025` अशा दहा अक्षरांत असतील तर:

```
=DATE(MID(C2,7,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2))
```

दाखल तारीख आणि बंद तारीख अशी दुरुस्त करून अनुक्रमे `D` आणि `F` रकान्यात ठेवली (बंद तारीख नसेल तर रिकामे), आणि यादी काढल्याची तारीख `K1` मध्ये लिहिली, की दिवस आणि ‘बंद झाली का’ हे दोन रकाने असे निघतात:

```
=IF(F2="",$K$1,F2)-D2
=IF(F2="",0,1)
```

`K1` मध्ये `TODAY()` वापरू नये. फाइल दर वेळी उघडताना उघड्या तक्रारींचे वय वाढत जाईल, आणि ज्या तक्रारी दरम्यान सुटल्या त्याही फाइलमध्ये उघड्याच राहतील.

दोनेक हजार ओळी असतील तर हाताने हिशेब करत बसायची गरज नाही. पायथनमध्ये `lifelines` नावाचे पॅकेज आहे. यादी `df` या तक्त्यात वाचून घेतली आहे, `vibhag` हा विभागाचा रकाना आणि `divas` व `band` हे वरचे दोन रकाने आहेत असे धरले तर एवढे पुरते:

```python
from lifelines import KaplanMeierFitter
for v, g in df.groupby("vibhag"):
    k = KaplanMeierFitter().fit(g["divas"], g["band"])
    print(v, len(g), k.median_survival_time_)
```

मधला काळ निघत नसेल तेव्हा उत्तर `inf` असे येते. ती चूक नव्हे. निम्म्या तक्रारी सुटलेल्याच नाहीत असा त्याचा अर्थ.

यादीत तक्रारी निवडताना दाखल तारखेने निवडाव्यात, बंद तारखेने नाही. ‘ऑगस्टमध्ये निकाली निघालेल्या’ असे म्हटले की उघड्या तक्रारी पुन्हा हिशेबाबाहेर राहतात आणि आपण होतो तिथेच येतो. थोडी जुनी माहिती चालणार असेल तर याहून सोपा मार्ग आहे: १ एप्रिल ते ३० जून या काळात दाखल झालेल्या तक्रारी घ्या आणि यादी ३१ ऑगस्टला काढा. सगळ्यात नव्या तक्रारीलाही ६२ दिवस मिळालेले असतात, म्हणून ‘३० दिवसांत किती टक्के सुटल्या’ हे साध्या मोजणीने कळते, कापलान-मायरची गरजच पडत नाही. नगरसेवकांसमोर ठेवायला हा आकडा जास्त चांगला, कारण तो कुणीही पडताळून पाहू शकतो.

घड्याळ कोणाच्या नावावर चालते

गोव्यात ही बाब खास लक्ष देऊन पाहावी लागते. राज्यात पणजी महापालिका आणि १३ नगरपालिका आहेत, पण रस्त्यावरच्या माणसाला जे पालिकेचे काम वाटते त्यातले बरेच पालिकेचे नसते. रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल वीज खात्याकडे असते, शहरातून जाणारे मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर आतले रस्ते आणि गटारे पालिकेच्या तांत्रिक विभागाकडे. तक्रार करणारा मात्र पालिकेच्या पोर्टलवर ‘दिवा बंद आहे’ असे लिहितो, आणि तसे लिहिण्यात त्याचे काहीही चुकत नाही.

समजा अशी तक्रार ३ जुलैला आली. ती पालिकेत कुणी उघडलीच नाही. १४ जुलैला कुणीतरी ती वीज खात्याकडे पाठवली आणि १७ जुलैला दिवा लागला. यादीत फक्त शेवटचा विभाग दिसत असेल तर ओळ अशी येते: वीज खाते, १४ दिवस. खरे पाहता ११ दिवस तक्रार पालिकेच्या टेबलावर होती आणि वीज खात्याने ३ दिवसांत काम केले. अशा शेकडो ओळी एकत्र झाल्या की वीज खाते सर्वांत संथ ठरते आणि तक्रारी नुसत्या वर्गीकरण करून पुढे पाठवण्याचे काम पालिकेत कुणालाच नेमून दिलेले नाही ही खरी अडचण झाकली जाते.

म्हणून तक्रारीच्या इतिहासाची नोंद मागणे अत्यावश्यक आहे. तक्रारीने प्रत्येक विभागात कधी प्रवेश केला आणि कधी बाहेर पडली या दोन तारखांवरून एका तक्रारीच्या दोन-तीन ओळी करायच्या, एका विभागातल्या मुक्कामाची एक ओळ, आणि वरचा हिशेब या ओळींवर चालवायचा. मुक्काम संपण्याचे दोन प्रकार मात्र वेगळे ठेवावेत: काम करून संपला, की पुढे ढकलून संपला. ढकललेल्या तक्रारी ‘सुटल्या’ धरल्या तर जो विभाग पहिल्याच दिवशी सगळे दुसरीकडे पाठवतो तो सर्वांत वेगवान ठरतो. त्यांचे प्रमाण स्वतंत्र रकान्यात दाखवावे. इतिहासाची नोंद मिळतच नसेल तर विभागांची तुलना करू नये. तक्रारीच्या प्रकाराप्रमाणे एकूण काळ सांगून थांबावे.

‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा मारून तक्रार त्याच दिवशी बंद करणे हा याच दुखण्याचा वाईट प्रकार. यादीत ती शून्य दिवसांत निकाली दिसते, आणि नागरिक दुसऱ्या पोर्टलवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘अखत्यारी’, ‘संबंधित खाते’, ‘वर्ग’ असे शब्द शोधले की या ओळी सापडतात. त्या निकालीतून काढून टाकाव्यात.

बंद म्हणजे सुटलेली नव्हे

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो थेट माणसांच्या प्रामाणिकपणाला भिडतो. तरी तो तपासायलाच हवा. बंद तारखेप्रमाणे रोजच्या बंद तक्रारी मोजा. एरवी रोज पाच-सहा बंद होत असतील आणि बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एकाच तासात ऐंशी बंद झालेल्या दिसत असतील, तर ते काम रस्त्यावर झालेले नाही, कीबोर्डवर झालेले आहे. अशा दिवसाच्या बंद तक्रारींतून वीसेक तक्रारी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा. चिठ्ठ्या टाकणे महत्त्वाचे, नाहीतर आपण नकळत ओळखीच्या रस्त्यावरच्याच तक्रारी उचलतो.

दुसरी खूण पुन्हा आलेल्या तक्रारींची. त्याच प्रभागातून, त्याच प्रकाराची, त्याच जागेची तक्रार बंद झाल्यावर १५ दिवसांच्या आत नव्या क्रमांकाने आली, तर पहिली सुटली नव्हती असे धरावे आणि घड्याळ पहिल्या दाखल तारखेपासून शेवटच्या बंद तारखेपर्यंत चालवावे. जागा जुळवणे थोडे किचकट होते, कारण एकजण ‘मार्केटजवळ’ लिहितो, दुसरा ‘बाजारपेठ’ आणि तिसरा दुकानाचे नाव. पोर्टल नकाशावरचा बिंदू नोंदवत असेल तर ५० मीटरच्या आतल्या तक्रारी एक धराव्यात. नाहीतर एका प्रभागाची यादी एका माणसाने डोळ्यांनी वाचणे हाच खात्रीचा मार्ग.

याच्या उलट, एकाच खड्ड्याच्या बारा तक्रारी असतील तर एकच ठेवावी, सर्वांत आधीची. खड्डा बुजवला की बाराही एकदम बंद होतात आणि विभागाच्या आकड्यात तो एकच खड्डा बारा वेळा मोजला जातो.

सारख्याची सारख्याशी तुलना

एवढे करूनही स्वच्छता विभाग आणि तांत्रिक विभाग यांची सरळ तुलना अन्याय्य राहते. कचरा उचलायला गाडी आणि माणसे लागतात, ती रोज निघतात. रस्त्याच्या डांबरीकरणाला निविदा लागते, आणि जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पावसात हॉटमिक्स घालता येत नाही. जुलैमधली खड्ड्याची तक्रार तात्पुरती खडी टाकून बंद होते किंवा पाऊस ओसरेपर्यंत उघडी राहते. यात अभियंत्याचा आळस किती आणि हवामान किती हे एका आकड्यातून कळत नाही.

म्हणून आधी प्रकार वेगळे करावेत: कचरा, गटार तुंबणे, खड्डा, दिवा, मोकाट गुरे. मग एकाच प्रकाराची तुलना प्रभागाप्रभागांत, किंवा त्याच विभागाच्या गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करावी. पावसाळी आणि कोरडे महिने एकत्र मिसळू नयेत. याला हिशेबाचे कारणही आहे. कापलान-मायरची रीत असे गृहीत धरते की नव्या तक्रारी जुन्यांसारख्याच गतीने सुटतील. मे महिन्यातल्या भराभर सुटलेल्या आणि जुलैमधल्या रखडलेल्या एकत्र केल्या तर ते गृहीतकच मोडते आणि मिळणारा आकडा ना मेचा असतो ना जुलैचा.

दिवस मोजताना सुट्ट्या वगळायच्या का, यावर कार्यालयात नेहमी वाद होतो. नागरिकाच्या दारातला कचरा चवथीच्या सुट्टीतही कुजतो, म्हणून मुख्य आकडा सरळ दिवसांचा द्यावा. कामाचे दिवस हवेच असतील तर `NETWORKDAYS` वापरता येते, पण ते पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजते, तेव्हा उत्तरातून एक वजा करावा आणि सुट्ट्यांची यादी गोव्याची द्यावी, शेजारच्या राज्याची नाही.

हे काम दर महिन्याला करायचे असेल तर त्याच तारखेला यादी काढून मूळ फाइल न बदलता तारखेच्या नावाने जपून ठेवावी. अनेक पोर्टलांवर तक्रार पुन्हा उघडली की जुनी बंद तारीख पुसली जाते आणि तिच्या जागी नवी बसते. पहिल्यांदा ती कधी बंद केली होती याचा मागमूसही राहत नाही. जुलैची फाइल आणि ऑगस्टची फाइल तक्रार क्रमांकावरून जुळवून पाहिल्या की कोणत्या तक्रारींची बंद तारीख बदलली, कोणत्यांचा विभाग बदलला आणि कोणत्या यादीतून नाहीशाच झाल्या हे तीन प्रश्न एकदम सुटतात. नाहीशा झालेल्या क्रमांकांची यादी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि त्यावर पोचपावती घ्यावी.